गो: कच्चा गट मारायचा नाही, हाकायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी एका ओळखीच्याच्या कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत गो खेळतो. पट म्हणजे प्लायवूडच्या तुकड्यावर मार्करने ओढलेल्या १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा. काळ्या सोंगट्या म्हणून चिंचोके आणि पांढऱ्या म्हणून शर्टाची बटणं. नवा माणूस महिनाभरात नियम, डोळे, श्वास सगळं शिकतो आणि मग सहा महिने एकाच जागी अडकतो. समोरचा गट कच्चा दिसला की तो मारायला धावतो, गट निसटतो आणि याच्या हातात काहीच उरत नाही. खालचे प्रश्न त्या खोलीत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. उत्तरं माझी आहेत. माझ्यापेक्षा वरचढ खेळाडू काही ठिकाणी वेगळी चाल सांगतील आणि तसं मी त्या-त्या जागी म्हटलंही आहे.

मारायचंच नसेल तर हल्ला करायचाच कशाला?

आमच्यातले एक मामा दर रविवारी हेच विचारतात: "हातात आलेला गट कामून सोडायलास बे?" प्रश्न रास्त आहे, कारण मेलेल्या गटाचे गुण डोळ्यांना दिसतात. जपानी मोजणीत मेलेल्या एका सोंगटीचे दोन गुण होतात: एक कैदी म्हणून आणि एक तिच्याखालच्या रिकाम्या झालेल्या जागेचा. शिवाय आजूबाजूचा मोकळा भागही आपला होतो.

अडचण अशी की गट मारायला त्याच्या सगळ्या वाटा बंद कराव्या लागतात आणि त्याला जगायला एकच वाट पुरते. त्यामुळे मारण्यासाठी खेळलेल्या चाली अंगाला अंग घासून, भोकं बुजवत खेळाव्या लागतात. त्या चालींना दुसरं काही काम नसतं. गट निसटला की त्या तिथेच वाया गेल्या.

हाकण्याचा हिशेब निराळा आहे. कच्च्या गटाच्या मालकाला प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागतं आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा मोकळ्या मैदानात टाकलेली उडी असते. त्या उडीला जवळजवळ शून्य गुण मिळतात. आपली चाल मात्र त्याच वेळी आपल्या मुलुखाला कुंपण घालत असते. तीनदा असं झालं की त्याच्या तीन चाली जीव वाचवण्यात गेल्या आणि आपल्या तीन चाली घर बांधण्यात. गट शेवटी जगला तरी आपलं बिघडत नाही.

ज्वारीत शेजाऱ्याची शेरडं घुसली तर अनुभवी माणूस त्यांच्या मागून धावत नाही. मागून धावलं की ती पिकात आणखी आत पळतात. तो पिकाच्या बाजूने, त्यांच्या अंगाला राहून चालतो आणि ती आपोआप बांधाकडे सरकतात. खाली दिलेल्या डावात काळ्याला नेमकं हेच करायचं आहे.

गट खरंच कच्चा आहे हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टी पाहायच्या. आता त्याची चाल असती तर त्याला जागच्या जागी दोन डोळे करता आले असते का? आणि त्याच्याच एखाद्या पक्क्या गटाला तो एका चालीत जोडला गेला असता का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर गट कच्चा. एकाचं उत्तर हो असेल तर त्याच्या मागे लागण्यात चाल घालवू नका, कारण तुम्ही धमकी दिल्यावर तो नेमकी तीच चाल खेळून पक्का होईल.

सोंगट्या कमी आहेत म्हणजे गट कच्चा, असं मात्र नाही. एकटी सोंगटी कधीकधी कच्ची नसतेच, कारण मालक ती सोडून द्यायला तयार असतो. सोडून देता येईल अशा सोंगटीमागे लागलात तर तो दुसरीकडे मोठी जागा घेऊन मोकळा होतो. हाकण्यासाठी गट असा हवा की मालकाला तो टाकवत नाही.

एक डाव मांडून दाखवा.

दाखवतो, आणि याच प्रश्नावर जरा रेंगाळतो. `online-go.com` वर दिसते तशीच खूण वापरली आहे: डावीकडून उजवीकडे A ते T (I हे अक्षर गाळलेलं असतं) आणि खालून वर 1 ते 19. पट नसेल तर चौकटीच्या वहीवर मांडा, पण मांडूनच वाचा.

```
B: Q16 Q13 R8 Q4 O3 K4
W: D16 D10 D4 K16 Q10 O10
```

चाल काळ्याची आहे. पांढऱ्याने डावी कड तीन ताऱ्यांनी धरली आहे. काळ्याचा जोर उजवीकडे आणि खाली आहे. पांढरा Q10 वर घुसला, काळ्याने खालून R8 आणि वरून Q13 असा दोन्हीकडचा पाया काढून घेतला आणि पांढऱ्याने मध्याकडे O10 वर उडी मारली. उजव्या कडेला त्याला फार तर एक डोळा होईल. जवळ एकही मित्र नाही. म्हणजे गट कच्चा, आणि तो टाकला तर सगळी उजवी कड काळ्याची होते, म्हणून टाकवतही नाही.

आता खालचा भाग बघा. K4, O3, Q4 या तीन सोंगट्यांनी खाली जमीन आखून ठेवली आहे, पण वरून छप्पर नाही. आज खात्रीचं म्हणून मोजायचं झालं तर मी १५ च्या पुढे जाणार नाही.

काळा N8 खेळतो. O10 पासून हे घोड्याच्या चालीइतकं अंतर आहे: एक घर पुढे, दोन घरं खाली. जपानी शब्द केइमा. सोंगटी पांढऱ्याला टेकत नाही, पण त्याची खालची वाट अडवते. पांढरा पळतो, M10. काळा पुन्हा तीच चाल एक टप्पा पुढे सरकवतो, L8. पांढरा K10.

इथे थांबून बघा. पांढऱ्याच्या M10 आणि K10 या दोन उड्यांनी एकही घर बंद झालेलं नाही. काळ्याच्या N8 आणि L8 ने आठव्या रेघेवर छप्पर चढलं. आता त्यात R8 आणि N8 यांच्यामधली O8, P8, Q8 ही एकच मोठी खिडकी उघडी आहे.

काळा ती खिडकी P8 ने बुजवतो. मला या डावातली ही चाल सगळ्यात आवडते. P8 हे Q10 आणि O10 या दोघांपासूनही केइमाच्याच अंतरावर आहे. खिडकी बंद होते आणि शिवाय P10 वर घुसून गट मधोमध तोडायची धमकी उभी राहते. काळा P10 खेळल्यावर पांढऱ्याने P11 वरून दाबलं तर काळा P9 खेळून P8 ला जोडला जातो आणि Q11 किंवा O11 यांपैकी एक तोड त्याला मिळते. पांढऱ्याने P9 वरून दाबलं तर काळा P11 ला लांबतो आणि Q9 किंवा O9 यांपैकी एक तोड त्याला मिळतेच. म्हणून P8 नंतर पांढऱ्याला बहुधा वर कुठेतरी, P11 च्या आसपास, एक दुरुस्तीची चाल द्यावी लागते. तिचेही गुण शून्यच.

पुढाकार पुन्हा काळ्याकडे आला. मी तो R3 वर खर्च करतो, कारण Q4 तारा आणि O3 एवढ्यावर कोपरा पक्का होत नाही. पांढरा R3 वर घुसला तर तिथे त्याला जगण्याच्या बऱ्याच शक्यता आहेत. आमच्यापेक्षा जोरकस खेळणारे म्हणतील की आधी वरची बाजू घ्या, N16. त्यात तथ्य आहे. पण छप्पर घालून झाल्यावर मागचा दरवाजा उघडा ठेवायला माझं मन होत नाही.

आता मोजू. L ते T हे नऊ स्तंभ आणि 1 ते 7 या सात ओळी, म्हणजे ६३ घरं. त्यातून काळ्याच्या स्वतःच्या Q4, O3, R3 वजा केल्या तर ६० उरतात. डावीकडून, K4 च्या खालून आणि K6-K7 च्या बाजूने, पांढरा नक्की थोडं कुरतडणार. त्यासाठी १५ काढून ठेवले तरी ४५ च्या आसपास राहतात. पांढरा गट जिवंत आहे, त्याच्या हातात काही नाही, आणि काळ्याच्या १५ चे ४५ झाले.

पण चिकटून खेळलो तर काय बिघडतं? दबाव जास्त येतो ना?

दबाव येतो, पण तो दोघांवर. गोमध्ये सोंगटीला सोंगटी चिकटवली की दोन्ही बाजू एकेक चाल टाकत भक्कम होत जातात. ज्याला भक्कम व्हायची गरज जास्त, त्याचा फायदा जास्त. कच्चा गट पांढऱ्याचा आहे, म्हणजे फायदा पांढऱ्याचा.

वरच्याच डावात काळा N8 ऐवजी Q9 वर चिकटला असं धरा. पांढरा P9 वर वळतो. काळा Q8 ला सरकतो. पांढरा P8 ला ढकलतो, काळा Q7. आता बघा काय झालं. पांढऱ्याच्या Q10, P9, P8, O10 अशा घट्ट झाल्या. P10 वर काळा घुसला तर त्याला P11 हा एकच श्वास उरतो आणि पांढरा तिथेच तो खातो, म्हणजे तोडायची धमकीही गेली. काळ्याच्या Q9, Q8, Q7 ने जी जागा घेतली ती R8 मुळे आधीपासून जवळजवळ काळ्याचीच होती. आणि पांढऱ्याचा P8 आता काळ्याच्या खालच्या जमिनीवर टेहळणी करत उभा आहे. चार-पाच चालींत काळ्याने स्वतःच्या हाताने छप्पर उडवलं.

चिकटणं चूकच, असं म्हणत नाही. स्वतःला घाईने पक्कं व्हायचं असेल, किंवा समोरच्याला एका बाजूला जड करून दुसऱ्या बाजूला काही मिळवायचं असेल, तर चिकटतात. ज्याला पळवायचं आहे त्याला मात्र हात लावू नये.

समोरून डोक्यावर टोपी घातली तर? बोशी म्हणतात ती.

आमच्यातल्या निम्म्या लोकांना हीच चाल सुचते. O10 च्या समोर, एक घर सोडून, M10. वाट अडवली, गट कोंडला, असं वाटतं.

पण कोंडलेला प्राणी जिथे फट आहे तिथे घुसतो, आणि फट खाली आहे. पांढरा O8 वर उडी मारतो आणि थेट काळ्याच्या जमिनीत उतरतो. तिथे त्याला पळायलाही जागा आहे आणि डोळे करायलाही. काळ्याला आता खाली O6 च्या आसपास अडवावं लागेल, आणि छप्पर आठव्या रेघेवरून सहाव्या रेघेवर येईल. M10 ची सोंगटी तिकडे मध्यात एकटी.

बोशी चांगली कधी? जेव्हा दोन्ही बगलांना आपलं काही सांभाळायचं नसतं, किंवा दोन्ही बगला आधीच भक्कम असतात. मग तो कुठेही वळला तरी आपल्या भिंतीवर आपटतो. इथे एक बगल म्हणजे आपलं घर आहे, म्हणून बोशी नाही.

मग कुठल्या बाजूने हाकायचं, हे ठरवायचं कसं?

पळणाऱ्या गटाकडे नंतर बघा. आधी आपल्याला जमीन कुठे हवी आहे ते बघा आणि आपली सोंगटी त्या जमिनीच्या आणि गटाच्या मध्ये ठेवा. गट आपोआप उलट दिशेला जाईल.

अडकतात ते इथे: आपली भक्कम भिंत असेल तिकडे गट ढकलावा की तिच्यापासून दूर? भिंतीकडे ढकलावा. भिंतीशेजारी जमीन बांधायला जाणं म्हणजे पक्क्या विटांवर पुन्हा विटा रचणं. भिंत भक्कम आहेच, तिच्या अंगावर आलेला पाहुणा आपसूक अवघडतो. आणि ढकलता ढकलता पलीकडच्या बाजूला, जिथे आपलं काही नव्हतं, तिथे नवी जमीन उभी राहते. वरच्या डावात काळ्याला खरी भिंत कुठेच नाही, म्हणून निर्णय सोपा होता. भिंत असली की लोकांचा गोंधळ होतो आणि ते भिंतीच्या बाजूने उभं राहून गट मोकळ्या रानात सोडतात.

हाकणं थांबवायचं कधी?

वरच्या डावात K10 नंतर काळ्याने आणखी एक केइमा, J8, का खेळला नाही, असा प्रश्न आमच्या इथल्या एका पोराने विचारला. बारावीचं पोरगं, मोजण्यात पक्कं. मी त्याला पट डावीकडून बघायला सांगितलं.

डावीकडे पांढऱ्याचे D4, D10, D16 हे तीन तारे आहेत. वर K16 आहे. पांढऱ्याचा गट K10 पर्यंत आला तेव्हा तो या मित्रांच्या जवळ पोचला. आणखी एक उडी मारली तर गट सुटतो, आणि शिवाय डाव्या बाजूवर त्याचं स्वतःचं छप्पर चढायला लागतं. आत्तापर्यंत त्याच्या उड्यांना शून्य गुण होते. पुढच्या उडीला गुण मिळू लागतील. म्हणजे आता त्याला पळवणं म्हणजे त्याच्या घराचं काम आपण करून देणं.

त्या पोराला मी सांगितलेली खूण हीच: त्याच्या पळण्याच्या चाली काही कमवायला लागल्या की थांबा. दुसरी खूण आपल्या बाजूची. आपली पुढची चाल नवी जमीन आणत नसेल, फक्त आधीच्या भिंतीला लांब करत असेल, तर थांबा. J8 ने खाली अगदी थोडी भर पडली असती, कारण K4 च्या डावीकडे पांढऱ्याचा D4 आधीच जवळ आहे.

हाकणं थांबवून P8 खेळणं म्हणजे हल्ला सोडणं नव्हे. गट अजून अर्धा कच्चा आहे आणि मध्यावर पुन्हा गडबड झाली तर तो पुन्हा अडकू शकतो. हिशेब खुला ठेवून आपण उठलो एवढंच.

पांढऱ्याने उत्तरच दिलं नाही तर?

N8 नंतर पांढऱ्याने गटाकडे दुर्लक्ष करून वरच्या बाजूला N16 सारखी मोठी जागा घेतली असं समजा. आता M10 ची बोशी खेळा. थोड्या वेळापूर्वी ती चूक होती, कारण खालून फट होती. N8 आल्यावर ती फट बरीच अरुंद झाली आहे. गट आता मुख्यतः वरच्या अंगाने, O12 च्या दिशेने, निसटू शकतो आणि तिथे Q13 बसलेली आहे.

इथून पुढे मारण्याचा विचार करायला हरकत नाही, पण घाई नको. तो O12 कडे पळाला तर वरच्या अंगाने मागे लागून N16 ची सोंगटी कच्ची करता येते. एका गटाला हाकताना दुसराही कच्चा होणं हे सगळ्यात फायद्याचं. जपानी खेळाडू त्याला कारामी म्हणतात: दोन कच्चे गट एकमेकांत गुंतवून दोघांवर एकदम दबाव आणायचा. पांढऱ्याला एका चालीत एकच वाचवता येतो.

मारणं बरोबर आहे असं कधीच नाही का?

आहे की. मला मुलुखाचं वेड आहे म्हणून कुणी मारू नये असं थोडंच आहे. जपानमध्ये काटो मासाओ यांना चाहते किलर म्हणत, ते उगाच नाही.

मोजून मागे असाल आणि पटावर उरलेल्या जागा मागची तूट भरून काढणाऱ्या नसतील तर मारायलाच लागतं. तेव्हा हळू हळू घर बांधणं म्हणजे हळू हळू हरणं. दुसरी वेळ म्हणजे शेवटपर्यंत वाचून झालं असेल तेव्हा. वाचून झालं म्हणजे त्याची प्रत्येक वाट, तोड, शेवटचा डोळा डोक्यात पाहून झाला. "बहुतेक मरेल" याला वाचणं म्हणत नाहीत. आणि तिसरी, हाकता हाकता गट आपण होऊन मरणाच्या दारात आला तर. चांगल्या हल्ल्याचा तो शेवट असतो, सुरुवात नसते. मामांशी माझं भांडण एवढंच आहे की ते शेवटापासून सुरुवात करतात.

हल्ला करता करता माझाच गट का मरतो?

हे माझ्या स्वतःच्या एका डावावरून सांगतो, कारण तो पट अजून डोळ्यांसमोर आहे. मी काळा. समोरच्याचा पाच सोंगट्यांचा गट मध्यात लोंबकळत होता. मी डावीकडून हाकत होतो आणि माझ्या पाठीमागे माझ्या तीन सोंगट्या एक-एक घर सोडून उभ्या होत्या, ज्यांना मी मनातल्या मनात भिंत म्हणत होतो. त्यांना ना पाया होता ना डोळे. सातव्या की आठव्या चालीला समोरच्याने पळणं थांबवलं आणि माझ्या दोन सोंगट्यांमधल्या त्या मोकळ्या घरात बटण ठेवलं. मी वरून दाबलं, तो खाली लांबला, आणि मी जिला भिंत म्हणत होतो ती दोन तुकड्यांत पडली. आता मीच पळत होतो, आणि तो तीच केइमा माझ्यावर खेळत होता.

चीनमध्ये गोचे दहा जुने नियम सांगतात. तांग राजवटीतल्या वांग चीशिन यांच्या नावावर ते सांगितले जातात, जरी काही जण दुसरं नाव घेतात. त्यातल्या एकाचा अर्थ असा: त्याच्यावर हल्ला कर, पण आपल्याकडे बघून. मला तो नियम आधीपासून पाठ होता. डावात कामाला आला नाही.

आता मी एकच करतो. हाकायला सुरुवात करण्यापूर्वी ज्या सोंगट्यांवर टेकून हल्ला करणार आहे त्यांना वर दिलेली कच्च्या गटाची परीक्षा लावतो. त्याच नापास झाल्या तर आधी एक चाल त्यांना देतो. वरच्या डावात R8 आणि Q13 एकेकट्या आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण त्यांच्या मागे Q4 आणि Q16 आहेत आणि कडेला पाया करायला जागा आहे. म्हणून त्या चालतात. N8 आणि L8 यांच्यामध्येही एकच घर मोकळं आहे, M8. पांढरा तिथे घुसला तर काळ्याला भांडावं लागेल, पण खालचं सगळं रान काळ्याचं असल्याने भांडण काळ्याच्या अंगणात होईल. माझ्या त्या डावात अंगण समोरच्याचं होतं.

हल्ला वसूल झाला की नाही, डावानंतर कसं कळणार?

डाव नोंदवलेला असेल तर हल्ला सुरू होण्याआधीची स्थिती आणि तो संपल्यानंतरची स्थिती शेजारी ठेवा. दोन्हीकडे फक्त आपली खात्रीची घरं मोजा, लोभाची नाही. मग हल्ल्यात आपण किती चाली खर्च केल्या ते बघा. वरच्या डावात N8, L8, P8 या तीन चालींनी आणि मिळालेल्या पुढाकारातल्या R3 ने, म्हणजे एकूण चार चालींनी, १५ चे ४५ झाले. चालीमागे साडेसात घरं. पांढऱ्याच्या मधल्या तीन चालींना जवळजवळ काहीच मिळालं नाही, फक्त डाव्या बाजूकडे थोडं वजन गेलं.

समोरच्याच्या पळण्याच्या चालींवर बोट ठेवून विचारा की ही सोंगटी कुठलं घर राखते. उत्तर येत नसेल तर हल्ला वसूल. दोन-तीन ठिकाणी येत असेल तर आपण उशिरा थांबलो. इथे मामांचा एक आक्षेप खरा आहे: वसुली मोजून समाधान मानणारा माणूस कधीकधी मरणारा गटसुद्धा सोडून देतो. मी दोनदा सोडला आहे.

९ x ९ च्या पटावर हे शिकता येईल का?

नाही. तिथे पळायलाच जागा नसते, सगळं मारामारीतच संपतं. १३ x १३ वर थोडं जमतं, कारण मध्यात एक-दोन उड्या मारता येतात. वरचा डाव मात्र १९ चाच लागेल. प्लायवूड नसेल तर जुन्या फरशीवर खडूने रेघा ओढा. चिंचोके उन्हाळ्यात पोतंभर मिळतात, बटणं शिंप्याकडून घ्या. १८० च्या आसपास बटणं लागतात, आणि दोन भोकांची घेतली तर ती उलटीसुद्धा सपाट बसतात.